दादा म्हणायचं राहिलं

संयोगिताच्या तोंडात ‘दादा’ हा शब्द कायम तयार असायचा. रिक्षावाला दादा, कंडक्टर दादा, झेरॉक्सवाला दादा, अगदी कॉलेजचा वॉचमन तिच्या वडिलांच्या वयाचा, तोही दादा! कुंडलची पोर ती. गावात वाढलेल्या पोरीला परक्या पुरुषाशी बोलायचं म्हटलं की आधी त्याला भाऊ करून टाकायचा, म्हणजे पुढचं सगळं सोपं जातं, हे आईनं न शिकवता शिकवलेलं असतं.

त्यामुळे त्या दिवशी सातारा स्टँडवर नेमकं काय झालं, हे तिला स्वतःलाही नीट सांगता येत नसे.

जुलैची सकाळ. पावसाची पिरपिर चालूच होती, अजिंक्यतारा ढगात बुडालेला. एमआयडीसीकडे जाणाऱ्या शेअर रिक्षात मागच्या सीटवर तिघं आधीच होते आणि चौथी ती, मांडीवर बॅग, बॅगेवर ओली छत्री. छत्रीचं पाणी शेजाऱ्याच्या पॅंटवर टपटपत होतं, आणि शेजारी बिचारा काही न बोलता एकदा पाण्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होता. आता साधी गोष्ट. ‘दादा, जरा सरकता का?’ म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. ती वळली, तोंड उघडलं...

तो हसत होता. डोळ्यांनीच, पण हसत होता.

“दा...” म्हणून ती थांबली. पुढचा ‘दा’ काही केल्या येईना.

“काय म्हणालात?”

“दा... दार! दार नीट लागलंय का विचारत होते.”

“रिक्षाला दार नसतं ओ,” तो अगदी गंभीरपणे म्हणाला. “साताऱ्यात तरी नसतं. तुमच्याकडं असतं का?”

पुढं बसलेला रिक्षावाला फिस्सकन हसला. संयोगिताला वाटलं, धरणी दुभंगावी. धरणी काही दुभंगली नाही, फक्त रिक्षा खड्ड्यात आदळली आणि छत्रीतलं उरलंसुरलं पाणीही त्याच्या पायावर गेलं.

आणि गंमत बघा, दोघं उतरले एकाच गेटसमोर.

विहिरीतल्या, बोअरमधल्या मोटारींचे पंप असतात ना, त्यांची बाहेरची लोखंडी हाऊसिंग बनवणारी ती कंपनी. संयोगिता सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती आणि तीन महिन्यांच्या इंटर्नशिपसाठी क्वालिटी विभागात आली होती. आणि तो विश्वजीत, त्याच विभागात गेजरूम सांभाळायचा. गेज म्हणजे मापं तपासायची हत्यारं. ती हत्यारं स्वतः बरोबर आहेत की नाहीत, हे तपासायचं काम त्याचं. साताऱ्याचाच, सुभेदार होऊन निवृत्त झालेल्या बापाचा मुलगा. त्यामुळे इस्त्री कडक, वेळ पक्की, आणि थट्टा करताना चेहऱ्यावरची सुरकुती हलायची नाही.

पहिल्या आठवड्यातच संयोगितानं सगळ्यांची नाती लावून टाकली. विभागप्रमुख फारूकसर. लाइनवरचे बाळासोमामा. पॅकिंगच्या टेबलावरच्या सुलाबाई, त्या तर निघाल्या माहेरच्या कुंडलच्याच! “कुणाची गं तू? वरल्या आळीच्या अंजनाची व्हय? आगं, तुझी आय आन मी एका हिरीवर धुणं धुतलंया!” झालं. त्या दिवसापासून संयोगितानं डब्यात काय आणलं, कुणाशी बोलली, कितीदा हसली, सगळं संध्याकाळी फोननं कुंडलला पोचायला लागलं.

ऑपरेटर सगळे दादा. राहिला एकटा विश्वजीत.

“सर...” तिनं एकदा म्हणून बघितलं.

“सर म्हणू नका. मी डिप्लोमावाला, तुम्ही इंजिनिअर होणार. उद्या तुम्हालाच मी मॅडम म्हणायचो.”

“मग काय म्हणू?”

“तुम्ही सगळ्यांना म्हणता तेच,” तो म्हणाला, आणि म्हणताच जीभ चावल्यासारखा गप्प झाला.

तेच तर येत नव्हतं! जीभ टाळ्याला चिकटायची. शेवटी तिनं मार्ग काढला, हाकच मारायची नाही. ‘ऐका ना’, ‘अहो’, ‘जरा बघता का’... एवढ्यावर काम भागायला लागलं. गेजरूमच्या दारात उभं राहून ती म्हणायची, “अहो, तो बोअर गेज द्या ना,” आणि पॅकिंगच्या टेबलावर सुलाबाई भुवई उंच करून बघायच्या. साधी गोष्ट होती, पण संयोगिताच्या ध्यानातच येत नव्हती. गावाकडं ‘अहो’ कोण कुणाला म्हणतं?

आणि मग ती गरम पिसांची, म्हणजे मशीनवरून निघालेल्या गरम नगांची, भानगड झाली.

बाळासोमामांच्या मशीनवरून निघालेल्या हाऊसिंगचं भोक ती तपासत होती. एक मोठं, दुसरं मोठं, तिसरंही मोठं! तिनं धडाधडा लाल टॅग लावले, अख्खा ट्रे रिजेक्ट केला आणि लाइन थांबवायला सांगून घामाघूम होऊन गेजरूमकडं धावली. बाळासोमामा डोक्याला हात लावून बसले.

विश्वजीत आला. एका पिसाला नुसता तळवा लावला.

“चहा घेऊ या,” तो म्हणाला.

“अहो, लाइन थांबलीये, आणि चहा कसला?”

“चहाच. आपण गरम घेऊ, हे गार होऊ दे.”

चहा होईपर्यंत ट्रे पंख्याखाली ठेवला. परत मापलं, सगळी भोकं बरोबर! मशीनमधून नुकतंच निघालेलं लोखंड गरम असतं, फुगलेलं असतं. हे तिनं पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं, त्यात मार्कही मिळवले होते. फक्त हाताला चटका बसत असताना आठवलं नाही, एवढंच.

“फारूकसरांना सांगणार?” तिनं रडवेल्या आवाजात विचारलं.

“सांगायला पाहिजेच. लाइन थांबली होती,” तो म्हणाला. “पण माझ्यासमोर सांगा. ते ओरडायला लागले की मी मध्येच शिंकतो.”

तिनं सांगितलं. सर ओरडायला लागले. तो खरंच शिंकला, एकदा नाही, सलग. सर ‘अरे, बरं नाही का तुला?’ म्हणत विषय विसरले, आणि संयोगिता त्या दिवशी घरी... म्हणजे खोलीवर जाताना रिक्षात एकटीच हसत होती.

राखीपौर्णिमेला तर कहर झाला. विभागातल्या सगळ्यांना बांधायला तिनं राख्या आणल्या. फारूकसरांनीही हात पुढं केला, बाळासोमामांनी तर ओवाळणीला पेढे आणले होते. आणि गेजरूमच्या दारावर पाटी! ‘कॅलिब्रेशन चालू आहे. आत येऊ नये.’ दिवसभर. जेवायलासुद्धा बाहेर आला नाही पठ्ठ्या.

“काय येवढं मोजतोय त्यो आत?” सुलाबाईंनी विचारलं.

संयोगितानं हातातला पेढा तोंडात टाकला. बोलणार काय? तिनं राख्या आणतानाच एक कमी आणली होती.

असे ते महिने सरले. सप्टेंबर आला, कासची फुलं बघायला निघालेल्या लोकांनी सातारा स्टँड भरून गेला, आणि बघता बघता इंटर्नशिपचा शेवटचा दिवस उजाडला.

त्या कंपनीत एक रीत होती. इंटर्न जाताना नुसतं सर्टिफिकेट घेऊन जायचं नाही, सगळ्यांसमोर उभं राहून निरोपाचं भाषण करायचं. वेळ ठरलेली, शिफ्ट बदलायची. म्हणजे जाणारी शिफ्टही असते आणि येणारीही. ट्रेनिंग हॉलमध्ये सगळे जमणार, समोसे आणि कंदी पेढे, वर भाषण. एचआरची कशिश मॅडम मिरजेची, संयोगितापेक्षा दोन-तीन वर्षांनीच मोठी. तिनं आदल्या दिवशी संयोगिताला बसवून पढवलं होतं.

“हे बघ, जास्त लांबवायचं नाही. मशीन बंद ठेवून लोक आलेले असतात, फारूकसर घड्याळ बघायला लागले की समज, संपलं. नाव, कॉलेज, विभाग, एका वाक्यात. मग आधी काय शिकलीस ते सांग. ‘खूप काही शिकायला मिळालं’ असलं नको, ते सगळेच म्हणतात. एक खरी गोष्ट सांग. एक स्वतःची फजिती सांग. लोक हसले की पुढचं ऐकतात. मग आभार. आणि साहेबांपासून खाली यायचं नाही, मशीनवरच्या माणसांपासून वर जायचं.”

“आणि शेवटी?”

“पुढं काय करणार ते सांगायचं आणि बसायचं. ‘चुकलं माकलं पदरात घ्या’ नको, कीर्तन नाहीये ते. आणि मुख्य म्हणजे नाव कुणाचं सुटता कामा नये. मागचा पोरगा सुलाबाईंचं नाव विसरला. त्या पंधरा दिवस एचआरशी बोलत नव्हत्या, जसं काय मीच विसरले!”

नाव कुणाचं सुटता कामा नये. संयोगितानं रात्री खोलीवर आरशासमोर उभं राहून भाषण म्हणून बघितलं. सगळं घडाघडा यायचं. सुलाबाई, बाळासोमामा, सगळे दादा, कशिश मॅडम, फारूकसर. मध्ये एक जागा रिकामी. विश्वजीतसर? हट, तो नाही म्हणालेला. विश्वजीतजी? हे तर पुढाऱ्याचं पोस्टर झालं. नुसतं विश्वजीत? सगळ्या वडीलधाऱ्यांसमोर? आणि विश्वजीतदा... नाही. नाही म्हणजे नाही.

सकाळी ती नो-ड्यूजच्या सह्या घ्यायला फिरत होती. हेल्मेट जमा, सेफ्टी शूज जमा, ओळखपत्र शेवटी गेटवर. गेजरूमची सही राहिली होती. तिनं मापं घ्यायचा आपला वर्निअर टेबलावर ठेवला.

“तपासून घ्यावा लागेल,” विश्वजीत म्हणाला.

“मी काही बिघडवलेला नाहीये.”

“तसं सगळेच म्हणतात.” त्यानं वर्निअर उचलला, पुसला, परत पुसला. “बराच बिघडवलाय तुम्ही.”

“काय?”

“वर्निअर नाही. वर्निअर ठीक आहे.”

बाहेर कॉम्प्रेसरचा आवाज चालू होता म्हणून बरं, नाहीतर तिचं काळीज केवढ्यानं वाजतंय ते त्याला ऐकू गेलं असतं. तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

“सही करा ना... अहो.”

त्यानं पेन उघडलं, पण सही केली नाही. “तीन महिने बघतोय. सगळ्यांना हाक मारता. मला ‘ऐका ना’. त्या कोपऱ्यातल्या मांजराला पण नाव ठेवलंत तुम्ही!”

“ते मांजर गोड आहे.”

“आणि मी?”

तिनं सह्यांचा कागद त्याच्यापुढं सरकवला. मग तो हळू आवाजात म्हणाला, आणि ह्या वेळी थट्टा नव्हती. “आज भाषणात सगळ्यांचे आभार मानणार. माझे पण मानणार असालच. तेव्हा मला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा. पण सगळ्यांसमोर जे म्हणाल ना, तेच मी खरं धरणार. दादा म्हणालात तर दादा. हसत पेढा खाईन, आणि पुन्हा कधी... विचारणार नाही.”

“काय विचारणार नाही?”

“जे विचारायचं होतं ते.” आणि त्यानं सही केली.

संयोगिता सह्यांचा कागद उलटा धरून बाहेर आली. आता झाली का पंचाईत! नाव सोडावं तर तो म्हणणार, माझी किंमत शून्य. दादा म्हणावं तर कायमचं दार बंद. आणि दुसरं काही म्हणावं तर... समोर सुलाबाई! बोललेलं सगळं आपल्या बसच्या आधी कुंडलला पोचणार. आई काय म्हणेल? आप्पा काय म्हणतील? ‘शिकायला पाठवली आणि...’ एवढ्या वाक्याला ती लहानपणापासून घाबरत आली होती.

शिफ्ट बदलली. हॉल भरला. तेलाचा आणि समोशांचा वास एकमेकांत मिसळला. फारूकसर पहिल्या रांगेत, कशिश मॅडम दाराशी, सुलाबाई पदर खोचून अगदी मधोमध. तो मागच्या भिंतीला टेकून उभा होता, हातात निरोपाची भेट म्हणून आणलेलं पाकीट.

“नमस्कार. मी संयोगिता. सांगलीला मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे, आणि जुलैपासून तुमच्या क्वालिटीत इंटर्न होते. आज शेवटचा दिवस.”

तिनं ओढणी सावरली आणि पुढं सुरू केलं.

“काय शिकले ते सांगते. आमच्या विहिरीवर मोटार आहे. ती ऐन पाण्याच्या पाळीत बंद पडली की आमचे आप्पा बनवणाऱ्याला अशा शिव्या देतात, की मी इथं सांगू शकत नाही. लहानपणापासून ऐकत आलेय. ती शिवी नेमकी कुणाला लागते, ते मला इथं कळलं. ती आपल्याला लागते. त्यामुळे ट्रेमध्ये एखादा पीस जरा शंकेचा वाटला की मला आप्पा दिसायचे, आणि मी तो बाजूला काढायचे.”

हॉलमध्ये हशा पिकला. बाळासोमामा मान डोलवायला लागले.

“आणि एकदा तर मी अख्खा ट्रेच बाजूला काढला! बाळासोमामांच्या मशीनवरचे पीस गरमागरम मापले आणि लाइन थांबवली. मामा, तुमचं त्या दिवसाचं टार्गेट माझ्यामुळं गेलं. तरी दुसऱ्या दिवशी तुम्हीच मला बोलावलंत आणि म्हणालात, ‘पोरी, हात लाव, गार हाय का बघ, मग माप.’ त्यानंतर मी एकही पीस हात लावल्याशिवाय मापला नाही. नोकरी कुठंही लागू दे, हे मी विसरणार नाही.”

“लय झ्याक!” बाळासोमामा मागून ओरडले.

“आता आभार. पॅकिंगच्या सुलाबाई...” तिनं मुद्दाम पहिलं नाव घेतलं, आणि सुलाबाईंनी इकडंतिकडं बघून सगळ्यांनी ऐकलं ना, याची खात्री करून घेतली. “पेटीत पीस कसा उताणा ठेवायचा म्हणजे वाटेत कड मोडत नाही, ते त्यांनी शिकवलं. लाइनवरचे सगळे दादा, नवख्या पोरीनं परत परत तेच विचारलं तरी कुणी वैतागलं नाही. कशिश मॅडम, तुम्ही नसता तर साताऱ्यात मला खोली मिळाली नसती. आणि...”

आली ती जागा.

“आणि... गेजरूममधले...”

तिनं वर बघितलं. तो खाली बघत होता, हातातल्या पाकिटाचा कोपरा दुमडत, उलगडत. कानाच्या पाळ्या लाल. एवढा कडक इस्त्रीचा माणूस, आणि शाळेत निकालाची वाट बघणाऱ्या पोरासारखा उभा होता.

“गेजरूममधले... हे.”

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. तिलाही नाही. मग सुलाबाईंचा आवाज आला, खणखणीत...

“आगं, ‘हे’ म्हंजी कोण गं बाई?”

आणि हॉल फुटला! कुणी शिट्टी मारली, कुणी बाक वाजवला. कशिश मॅडम तोंडावर फाइल धरून गदागदा हलत होती. ‘हे’! आपल्याकडं बायका नवऱ्याला ‘हे’ म्हणतात. ‘आमचे हे’, ‘ह्यांनी सांगितलं’, ‘ह्यांना विचारते’. आणि ही इंजिनिअर होणारी पोर भर सभेत, आभार मानता मानता...

“नाव घ्या! नाव घ्या!” बाळासोमामांनी सुरू केलं आणि दोन्ही शिफ्टनी उचलून धरलं, “नाव घ्या!”

संयोगिताला रडू की हसू कळेना. फारूकसर भला माणूस. त्यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि मायेनं म्हणाले, “अगं बेटा, घाबरू नकोस. चुकून होतं असं. विश्वजीतदादा म्हण आणि पुढं चल.”

किती सोपी वाट होती! दोन अक्षरं. म्हटली की सगळे हसून सोडून देतील, सुलाबाई कुंडलला काही कळवणार नाहीत, आप्पा काही म्हणणार नाहीत. तिनं मागच्या भिंतीकडं बघितलं. आता तो वर बघत होता. आणि हसायची तयारी करत होता, दादा म्हटल्यावर हसायचं ठरवलं होतं ना, तसं कसनुसं.

“नाही सर,” ती म्हणाली. “दादा नाही म्हणणार.”

शिट्टी मारणाऱ्यानं बोटं तोंडातून काढली.

“बाकी सगळे दादा आहेत. हे नाहीत.” आणि मग तिचंच तिला हसू आलं, इतके दिवस अडकलेलं सगळं एकदम सैल झालं. “नाव घ्या म्हणालात ना? घेते.

गरम पिसाचं माप खोटं, गार झाल्यावर खरं,
विश्वजीतरावांना दादा म्हणायचं राहिलं, तेच झालं बरं!”

पुढं काय गोंधळ झाला तो विचारू नका. पत्र्याचं छप्पर उडतं की काय असं वाटलं. सुलाबाईंनी तिथल्या तिथं बोटं मोडून दृष्ट काढली. फारूकसर घड्याळ बघायचं विसरले. संयोगितानं त्या गलक्यातच, “फारूकसर, तुम्ही ओरडलात तेही माझ्या भल्यासाठी, आता मे महिन्यात परीक्षा आहे, धन्यवाद,” एवढं एका दमात म्हणून टाकलं आणि खाली बसली. भाषण संपलं.

“आता भेट द्यायची आणि दोन शब्द बोलायचे,” कशिशनं विश्वजीतला ढकललं.

तो पुढं आला. सरळ उभा राहिला, घसा साफ केला. “आपल्या विभागातर्फे... ह्या... म्हणजे ही...”

“घ्या! हिचं ‘हे’, ह्याचं ‘ही’!” सुलाबाई म्हणाल्या.

“मला काही बोलता येत नाही,” विश्वजीत म्हणाला. “ह्यांनी सगळं बोलून टाकलंय.” आणि पाकीट तिच्या हातात देऊन तो इतका मनापासून हसला, की एवढे दिवस त्याच्याबरोबर काम करणारे लोकही बघत राहिले.

संध्याकाळी त्यानं तिला गाडीवरून स्टँडवर सोडलं. ऊन उतरलेलं, वाऱ्यात ओल्या गवताचा वास. वाटेत त्यानं मान न वळवता विचारलं, “आता विचारू?”

“विचारा.”

“माझ्या आईवडिलांना घेऊन कुंडलला आलो तर चालेल का?”

“चालेल,” ती म्हणाली. आणि मग त्याला ऐकू गेलं नसेल म्हणून मोठ्यानं, “चालेल म्हटलं!”

सांगली गाडी लागलेली होती. कराडला उतरून तिला कुंडलची गाडी धरायची होती. खिडकीची जागा मिळाली. तो खाली उभा, ती वर, तेवढ्यात तिचा फोन वाजला. आई!

“संयू, भाषण झालं म्हणं चांगलं?”

संयोगितानं फोन दुसऱ्या कानाला लावला. “तुला कोण बोललं?”

“सुलीचा फोन आलता. समदं सांगितलं तिनं.” पलीकडं भांड्याचा आवाज. “पोरगं कसं हाय?”

“आई... चांगलं हाय गं. लय चांगलं हाय.”

“सुली बी तेच म्हणली. स्टँडावर सोडाया आल्यात न्हवं? दे बघू त्यांस्नी फोन.”

तिनं खिडकीतून फोन खाली दिला. विश्वजीतनं तो दोन्ही हातांनी घेतला, कानाला लावला आणि... गप्प! ओठ हलतात, आवाज नाही. काकू म्हणावं? मावशी म्हणावं? संयोगिता वरून बघत होती आणि तिला असं हसू फुटत होतं म्हणून सांगू! बरं झालं, आता कळू दे बेट्याला.

“आई,” तो शेवटी म्हणाला. “मी विश्वजीत बोलतोय.”

पलीकडून आई काय म्हणाली ते तिला ऐकू आलं नाही. त्याचा चेहरा मात्र दिसत होता. “हो... नाही, जेवलो दुपारी... हो आई, वडील फौजेत होते... या रविवारी? हो, येतो ना...”

कंडक्टरनं घंटी मारली. गाडी हलली. हा आपला कानाला फोन लावून, मान डोलवत, जागच्या जागी!

“अहो!” ती ओरडली. “ऐका ना! फोन!”

कुठलं काय! गाडी फाटकाकडं वळायला लागली. संयोगितानं खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं आणि अख्खा सातारा स्टँड ऐकेल एवढ्या मोठ्यानं हाक मारली, “विश्वजीत! ए विश्वजीत! माझा फोन!”

तो दचकला, धावला. कासला निघालेली पोरं बाजूला झाली, एक म्हातारा फौजी ‘शाब्बास’ म्हणाला. गाडी वेग घ्यायच्या आत त्यानं धापा टाकत फोन तिच्या हातात कोंबला, बोटं क्षणभर बोटांत अडकली, सुटली, आणि तो मागं राहिला. रस्त्याच्या मधोमध उभा, कमरेवर हात, हसत.

तिनं फोन कानाला लावला. आई अजून होती.

“काय गं संयू,” आई रागानं म्हणाली, “भर स्टँडात नावानं हाक मारतीस? लाज हाय का न्हाई? हितनं फुडं आवं म्हणायचं त्यांस्नी!”

“आगं आई,” संयोगिता म्हणाली, डोळ्यांतलं पाणी पुसत, हसत, खिडकीतून मागं बघत, “तीन म्हैनं तेच म्हणत हुते की गं!”